'हळद'च्या पाटीतला सांधा : त्रिघाती वक्र नेमक्या जागी तोडण्याच्या नोंदी

३ फेब्रुवारी, सांगली

मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका दुकानासाठी ८ मिमी अॅक्रिलिकमध्ये 'हळद' हा उठावाचा शब्द कापायचा आहे. शब्दाची लांबी १००० मिमी. राऊटरच्या टेबलावर एका वेळी आडवे ६१० मिमीच बसते. शिरोरेषेमुळे तिन्ही अक्षरे मिळून एकच तुकडा होतो, म्हणून अक्षरे सुटी करून कापता येत नाहीत. शब्दाचे दोन भाग करायचे आणि मागे पट्टी लावून जोडायचे, हाच मार्ग उरतो.

सांधा कुठे घ्यायचा याला मोकळीक थोडी आहे. दोन्ही भाग टेबलावर बसायचे तर तो डावीकडून ३९० ते ६१० मिमीच्या दरम्यानच हवा. 'ह' ३७० ला संपतो आणि 'ळ' ३८० पासून ७४५ पर्यंत आहे. म्हणजे अक्षरांमधली मोकळी जागा या पट्ट्याच्या किंचित बाहेर पडते, आणि सांधा 'ळ'मधूनच जाणार. x = 600 ठरवले. तिथे शिरोरेषेखेरीज कापले जाणारे वक्र सर्वांत कमी आहेत.

शिरोरेषा तोडण्यात काही अडचण नाही, त्या सरळ रेषा आहेत. प्रश्न वक्रांचा आहे. आराखड्यातला प्रत्येक वक्र चार बिंदूंनी ठरलेला त्रिघाती बेझिए वक्र आहे. तो x = 600 वर तोडून दोन्ही बाजूंना पुन्हा चार-चार बिंदूंचे वक्र मिळायला हवेत आणि मूळ आकार जराही हलता कामा नये. वक्राचे बारीक सरळ तुकडे पाडून ते ६०० वर छाटणे सोपे पडले असते. पण मग फाइलमध्ये वक्र उरत नाही. पुढे मापात बदल झाला किंवा कड गुळगुळीत करायची झाली तर हातात शेकडो बिंदूंची माळ येते. म्हणून वक्रच तोडायचा.

४ फेब्रुवारी

पहिला वक्र 'ळ'च्या उजव्या वाटीची वरची कड. पाटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून मिमीमध्ये त्याचे बिंदू असे:

```
P0 = (560, 100)   P1 = (560, 180)
P2 = (680, 220)   P3 = (720, 140)
```

वक्र P0 पासून निघतो, P3 ला संपतो. P1 आणि P2 ही हँडलची टोके. वक्र त्यांच्याकडे ओढला जातो, पण त्यांच्यातून जात नाही. वक्रावरची जागा t या संख्येने सांगतात, सुरुवातीला ० आणि शेवटी १.

आधी हातानेच एकदा करून पाहिले, म्हणजे प्रोग्रॅमचे उत्तर ताडून बघायला काहीतरी असेल. t = 0.375 घेतला, कारण तो ३/८ आहे आणि दशांशात नेमका बसतो. ६०० च्या आसपासच वक्र तुटेल असा अंदाजही होता.

कृती एकच आहे आणि ती तीन वेळा करायची. दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेवर पहिल्यापासून ३/८ अंतर चालून जायचे आणि तिथे नवा बिंदू ठेवायचा. चार बिंदूंमध्ये तीन रेषा, म्हणून पहिल्या फेरीत तीन नवे बिंदू:

```
Q0 = (560, 130)   Q1 = (605, 195)   Q2 = (695, 190)
```

Q1 चे x पाहा: P1 पासून P2 पर्यंत १२० मिमीचा फरक, त्याचे ३/८ म्हणजे ४५, म्हणून ५६० + ४५ = ६०५. या तिघांमध्ये दोन रेषा, त्यांवर तेच:

```
R0 = (576.875, 154.375)   R1 = (638.75, 193.125)
```

आणि शेवटच्या एका रेषेवर:

```
S = (600.078125, 168.90625)
```

S हा वक्रावरचा बिंदू. या कृतीची खरी किंमत मात्र वाटेत पडलेल्या बिंदूंमध्ये आहे. प्रत्येक फेरीतला पहिला बिंदू उचलला की डावा तुकडा तयार: P0, Q0, R0, S. प्रत्येक फेरीतला शेवटचा बिंदू उलट्या क्रमाने उचलला की उजवा: S, R1, Q2, P3. वेगळे काही काढावे लागत नाही. Q1 कुठल्याच तुकड्यात येत नाही, तो फक्त R0 आणि R1 साठी लागतो. मूळ P1 आणि P2 ही सुटतात, त्यांची जागा आतली हँडले घेतात.

पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये सित्रोएन कारखान्यात ही रीत बसवली. काम कंपनीने आतच ठेवले, आणि वक्रांना नाव पडले रेनॉमधल्या पिएर बेझिए यांचे. रीतीला तरी कास्तेल्जो यांचे नाव लागते, हे बरे झाले.

५ फेब्रुवारी

तेच पायथनमध्ये:

```python
def split(p, t):
    b = list(p)
    left = [b[0]]
    for n in (3, 2, 1):
        for i in range(n):
            b[i] = tuple(u + t*(v-u)
                         for u, v in zip(b[i], b[i+1]))
        left.append(b[0])
    return left, b
```

इथे एकाच यादीवर लिहीत जातो. फेऱ्या संपल्यावर b मध्ये आपोआप S, R1, Q2, P3 उरतात, म्हणजे उजवा तुकडा योग्य क्रमाने. डाव्यासाठी प्रत्येक फेरीनंतरचा b[0] बाजूला काढून ठेवावा लागतो, कारण पुढच्या फेरीत तो पुसला जातो.

पहिल्या मसुद्यात आतला फेरा उलटा, मोठ्या i पासून लहानाकडे चालवला होता. चाचणी t = 0 वर आणि t = 1 वर घेतली; दोन्ही ठिकाणी बरोबर टोके आली, म्हणून तो मसुदा पुढे गेला. 0.375 वर मात्र S चे x ६००.०७८ ऐवजी ६१७.५४६ आले. सांध्यापासून साडेसतरा मिलिमीटर लांब.

कारण असे. b[1] काढताना त्याला जुना P2 हवा असतो, पण उलट्या फेऱ्यात तोवर b[2] च्या जागी Q2 येऊन बसलेला असतो. म्हणजे P1 ते P2 ऐवजी P1 ते Q2 या रेषेवर चाललो. t शून्य असेल तेव्हा प्रत्येक बिंदू जागेवरच राहतो आणि एक असेल तेव्हा थेट पुढच्यावर उडी मारतो. दोन्ही वेळा शेवटी टोकाचाच बिंदू हाती येतो आणि चूक दडून राहते. म्हणून टोकांवरची चाचणी या कृतीला पुरत नाही. मधल्या एखाद्या t वर, हाताने काढलेल्या आकड्याशी ताडूनच पाहावे. कालचा हिशेब इथे कामी आला.

६ फेब्रुवारी

आता नेमका t. कृती t वर तोडते, पण आपल्याला जागा x ने माहीत आहे. 0.375 ने सांधा ०.०७८ मिमी उजवीकडे गेला. इतक्या फरकाने पाटी बिघडणार नाही, पण डाव्या तुकड्याची सांध्यावरची उभी कड ६०० वर आणि वक्राचे टोक ६००.०७८ वर, असा बारीक दात राहतो. राऊटरची कातर त्या दातावर येऊन दिशा बदलते आणि अॅक्रिलिकवर तिथे खूण उमटते.

या वक्रासाठी P0 पासूनचे x असे निघते:

```
x(t) - 560 = 360 t^2 - 200 t^3
```

ते ४० व्हायला हवे. न्यूटनच्या रीतीने 0.25 पासून सुरुवात केली तर 0.394737, 0.374850 आणि मग 0.374579, तीन पायऱ्यांत उत्तर. पण हीच रीत t = 0 पासून सुरू केली तर पहिल्याच पायरीला शून्याने भागाकार होतो. P0 आणि P1 यांचे x सारखेच, म्हणजे वक्र सुरुवातीला सरळ वर जातो आणि x तिथे बदलतच नाही.

ही एखाद्या वक्रापुरती गंमत नाही. अक्षर आखणारा माणूस गोलाईच्या सर्वांत डाव्या आणि सर्वांत उजव्या जागी मुद्दाम नोड ठेवतो आणि हँडल उभे ठेवतो. चांगल्या आखणीची ती खूणच आहे. म्हणजे उभ्या सांध्यासाठी नेमकी चांगली आखलेली अक्षरेच न्यूटनला अडवणार.

म्हणून न्यूटन सोडून निम्मे करत जायची रीत धरली. ज्या पट्ट्यात x सतत वाढते किंवा सतत घटते तो पट्टा घ्यायचा, मध्यावर x पाहायचा, ६०० ज्या अर्ध्यात आहे तो अर्धा ठेवायचा. वीस वेळा केले की t चा पट्टा दहा लाखांत एक इतका अरुंद होतो. या वक्रावर x बदलण्याचा वेग कुठेही t च्या एका एककाला २१६ मिमीपेक्षा जास्त नाही, तेव्हा जागेतली चूक ०.०००३ मिमीच्या आत. त्यानंतर S चे x दोन्ही तुकड्यांत सरळ 600 लिहून टाकले. इतका फरक आकाराला कळत नाही आणि उभी कड मात्र नेमकी बंद होते.

७ फेब्रुवारी

दुसरा वक्र 'ळ'च्या आतल्या पोकळीची उजवी कड. त्याच्या बिंदूंचे x क्रमाने ५७०, ६३०, ६३०, ५७०. हा ६०० ओलांडून उजवीकडे जातो, मध्यावर ६१५ पर्यंत पोचतो आणि परत येतो. म्हणजे सांधा त्याला दोनदा भेटतो. निम्मे करण्याआधी वक्र t = 0.5 वर दोन पट्ट्यांत वाटला, कारण x ची वाढ तिथे थांबून घट सुरू होते. दोन्ही पट्ट्यांत एकेक उत्तर आले: 0.211325 आणि 0.788675.

इथे चूक झाली, आणि ती पडद्यावर दिसली म्हणून बरे. पहिला छेद 0.211325 वर दिला, उरलेला उजवा तुकडा घेतला आणि त्यावर दुसरा छेद 0.788675 वर दिला. दुसरे टोक ६०० ऐवजी ५९५ वर पडले. बरोबर पाच मिलिमीटर आत.

तोडलेल्या तुकड्याचे माप नव्याने ० ते १ सुरू होते, हे विसरले गेले. मूळ वक्रावरचा 0.788675 या तुकड्यावर तोच आकडा राहत नाही. तुकडा मूळच्या 0.211325 पासून १ पर्यंतचा आहे, तेव्हा

```
u = (t2 - t1) / (1 - t1)
  = (0.788675 - 0.211325) / 0.788675
  = 0.732051
```

या u वर तोडले की टोक ६०० वर येते. दुसरी वाट अशी की मोठ्या t पासून सुरुवात करावी. आधी 0.788675 वर तोडून डावा तुकडा ठेवला, तर पहिल्या छेदासाठी फक्त t1 / t2 असा भागाकार लागतो. दोन्ही चालतात. आम्ही पहिली ठेवली, कारण तीन छेद लागले तरी डावीकडून उजवीकडे एकाच नियमाने जाता येते. त्रिघाती वक्र एका सरळ रेषेला तीनपेक्षा जास्त वेळा भेदत नाही, तेव्हा चौथ्याची काळजी नाही.

१० फेब्रुवारी

तुकडे इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तपासले. दोन गोष्टी पकडल्या.

पहिली पूर्णांकांची. फाइल लिहिताना आकडे जवळच्या पूर्णांकावर आणले होते. 0.375 च्या तुकड्यांवर याचा परिणाम मांडून पाहिला. R0 झाला (577, 154), S झाला (600, 169), R1 झाला (639, 193). खरे तर R0, S आणि R1 एकाच रेषेत असतात, आणि म्हणूनच दोन तुकडे जोडल्यावर सांधा दिसत नाही. मूळ रेषेचा चढ ३२.०६ अंश. पूर्णांक केल्यावर डाव्या बाजूचा चढ ३३.११ आणि उजव्या बाजूचा ३१.६१. दीड अंशाची मोड. कागदावर ती दिसत नाही. चकचकीत अॅक्रिलिकच्या कडेवर दिवा पडला की उजेडाची रेघ सांध्यावर तुटते आणि तिथेच नजर जाते. आता फाइलमध्ये तीन दशांश ठेवतो, मोड मोजण्याइतकी राहत नाही.

दुसरी गोष्ट नोडच्या प्रकाराची. तोडून मिळालेल्या नोडला कुणीतरी Symmetric केले होते. तसे केले की दोन्ही बाजूंची हँडले सारख्या लांबीची होतात. पण तोडलेल्या वक्राची हँडले सारखी नसतात, नसायलाच हवीत. S पासून R0 चे अंतर आणि S पासून R1 चे अंतर यांचे प्रमाण t आणि 1 - t यांच्याइतके, म्हणजे 0.375 ला तीनास पाच. ती सारखी केली की सांध्याच्या दोन्ही बाजूंनी गोलाई हलते. दिशा जपायची असेल तर Smooth पुरते, तो रेषा सरळ ठेवतो आणि लांब्यांना हात लावत नाही.

हेच प्रमाण तपासणीलाही वापरले. प्रत्येक छेदानंतर दोन प्रश्न: R0, S, R1 एका रेषेत आहेत का, आणि S त्या रेषेला t : 1 - t मध्ये वाटतो का? ५ तारखेची उलट्या फेऱ्याची चूक या दुसऱ्या प्रश्नावरही सापडली नसती, कारण S शेवटी दोन बिंदूंमधल्या t वरच ठेवला जातो. म्हणून तिसरा प्रश्न जोडला: S हा मूळ वक्रावर आहे का? तो थेट सूत्राने काढलेल्या बिंदूशी ताडतो:

```
(1-t)^3 P0 + 3t(1-t)^2 P1 + 3t^2(1-t) P2 + t^3 P3
```

0.375 ला दोन्हीकडे (600.078125, 168.90625) आले.

११ फेब्रुवारी

कातर ३ मिमीची, म्हणून मार्ग आराखड्याच्या बाहेर १.५ मिमी सरकवावा लागतो. आधी तोडायचे की आधी सरकवायचे? आधी तोडायचे. बेझिए वक्र समांतर सरकवला की मिळणारी रेघ साधारणपणे बेझिए राहत नाही. सॉफ्टवेअर तिची जवळपासची नक्कल करते. ती नक्कल तोडली तर दोन्ही तुकड्यांवरची कड सारखी असेल याची खात्री नाही, शिवाय सांध्याची उभी कड सरकवायची राहूनच जाते. म्हणून आधी मूळ वक्र ६०० वर तोडला, सरळ रेषेने आकार बंद केला आणि मग तो बंद आकार सरकवला.

तुकडा टेबलाला धरून ठेवणारे पूल वक्राच्या मध्यावर ठेवण्यासाठी t = 0.5 वापरायची सूचना होती. ती घेतली नाही. t म्हणजे लांबी नव्हे. चारही बिंदू एकाच रेषेवर ठेवून, पहिले तीन ० वर आणि शेवटचा १०० वर, t = 0.5 ला आपण फक्त १२.५ वर असतो. पुलांसाठी लांबी मोजूनच जागा काढली.

१३ फेब्रुवारी

दोन्ही तुकडे कापले. मागे ४० मिमी रुंदीची अॅक्रिलिकची पट्टी लावून सांधा जोडला. 'ळ'च्या उजव्या वाटीची कड नखाने चाचपली, पायरी लागत नाही. दिवा तिरका धरून पाहिले तर उजेडाची रेघ सांध्यावरून अखंड जाते. पोकळीच्या कडेला उजव्या तुकड्यात १५ मिमी खोलीची खाच आली आहे, ती डाव्या तुकड्यावर बरोबर बसली.

शिरोरेषेवर मात्र केसाएवढी फट दिसते. ती वक्रांची नाही. उजवा तुकडा टेबलावर लावताना कोपरा किंचित फिरला होता, म्हणून वर फट आहे आणि खाली नाही. उजव्या तुकड्याची उभी कड सँडपेपरने जुळवून उद्या पुन्हा चिकटवायची.